सहा आठवड्यांच्या फेलोशिपसाठी प्राचार्यांकडे रजा कशी मागावी?

वाचकाचे पत्र

मी एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात इतिहासाची सहायक प्राध्यापक आहे. चार वर्षे नोकरी झाली, परिविक्षा संपून कायम झाले आहे. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेने मला सहा आठवड्यांसाठी अभ्यागत फेलो म्हणून बोलावले आहे. १५ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर यांत सलग कधीही या, असे त्यांनी कळवले आहे. राहणे आणि प्रवास त्यांचा, शिवाय महिना ३०,००० रुपये मानधन. आमच्या विभागात माझ्यासह तीनच शिक्षक आहेत. दिवाळीची सुट्टी २ ते १५ नोव्हेंबर आहे. या वर्षी एका परिषदेसाठी ५ दिवस ड्युटी लीव्ह घेतली आहे, अर्जित रजा ३१ दिवस शिल्लक आहे. फेलोशिपचा अर्ज मी कॉलेजला न सांगता थेट पाठवला होता. प्राचार्यांकडे कोणती रजा मागू, आणि अर्ज कसा लिहू म्हणजे नाही म्हणणार नाहीत?

उत्तर

अर्जाचा मजकूर ठरवण्याआधी तारखा ठरवा. प्राचार्यांच्या टेबलावर तुमचा कागद आला की पहिला प्रश्न फेलोशिप कोणती हा नसतो, शिकवण्याचे किती दिवस बुडणार हा असतो. तारखा निवडण्याची मुभा हैदराबादने तुम्हाला दिलेलीच आहे. ती नीट वापरली तर अर्धे काम तिथेच होईल.

समजा तुम्ही २६ ऑक्टोबरला रुजू व्हायचे ठरवले. मग सुट्टी मधोमध येते आणि तिच्या दोन्ही बाजूंना रजा लागते. अशा वेळी अनेक कार्यालये मधली सुट्टीही रजेतच धरतात, त्यावरून वाद होतो आणि सेवापुस्तकात नोंद कशी करायची हे कोणालाच कळेनासे होते. त्यापेक्षा फेलोशिप सुट्टीच्या पहिल्या दिवशी सुरू करा. २ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर हे बरोबर ४२ दिवस होतात. त्यातले पहिले १४ दिवस दिवाळीची सुट्टी आहे, म्हणजे रजा फक्त १६ नोव्हेंबरपासून लागेल. जाताना ३१ ऑक्टोबरला कॉलेज संपवून रात्रीच्या गाडीने निघालात तर १ नोव्हेंबरच्या रविवारी पोहोचता. परतीसाठी १४ डिसेंबरचा सोमवार धरा आणि १५ डिसेंबरला, मंगळवारी, कॉलेजात रुजू व्हा. एकूण रजा १६ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर, म्हणजे २९ दिवस. मधले रविवार यात मोजले आहेत, कारण सलग रजेत ते मोजलेच जातात.

आता ही रजा कोणती, याकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या विनियमांत रजांचा भाग आहे. राज्यात सातवा वेतन आयोग लागू करणारा शासन निर्णय ८ मार्च २०१९ चा आहे. हे दोन्ही आणि तुमच्या विद्यापीठाचे परिनियम कार्यालयात असतात, ते एकदा शेजारी ठेवून वाचा. आयोगाच्या विनियमांप्रमाणे एका शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत ड्युटी लीव्ह देता येते. परिषद, उजळणी वर्ग, व्याख्यान यांच्यासोबत दुसऱ्या भारतीय किंवा परदेशी संस्थेत काम करणे हेही तिच्या कारणांत आहे. पण तिथे एक अट आहे आणि सगळे तिच्यावरच अडते: अशा कामासाठी शिक्षकाला पाठवलेले असले पाहिजे. नुसते निमंत्रण आले आणि तुम्ही गेलात, एवढ्याने भागत नाही. म्हणून अर्जात 'रजा मंजूर करावी' एवढेच लिहून थांबू नका. 'महाविद्यालयाच्या वतीने मला या कामासाठी पाठवावे व त्या कालावधीची ड्युटी लीव्ह मंजूर करावी' असे लिहा, आणि हेच शब्द मंजुरीच्या आदेशातही येतील असे पाहा. आदेशात हे नसेल तर वर्षभराने लेखापरीक्षणात किंवा पदोन्नतीच्या फायलीत हीच रजा 'अर्जितमधून वळती करावी' असा शेरा येऊ शकतो.

तुमच्या ३० दिवसांतले ५ आधीच गेले, राहिले २५. रजा हवी २९ दिवस. म्हणून १६ नोव्हेंबर ते १० डिसेंबर ड्युटी लीव्ह आणि ११ ते १४ डिसेंबर हे ४ दिवस अर्जित रजा. ड्युटी लीव्हला अर्जित रजा जोडता येते, सुट्टीही जोडता येते. ती चार दिवसांची तूट भरून काढायला किरकोळ रजा मात्र मागू नका. ती दुसऱ्या रजेला जोडता येत नाही आणि सगळा अर्ज तेवढ्यावरूनच परत येतो. सुट्टीला अर्जित रजा जोडली की कमाल मर्यादा मोजताना सुट्टीचे दिवसही धरतात. सर्वसाधारणपणे एका वेळी ६० दिवस मिळतात, तुमचे १४ आणि ४ मिळून १८ होतात. त्यामुळे तिथे अडचण नाही.

सुट्टीतल्या १४ दिवसांसाठी रजा लागत नसली तरी परवानगी लागते. तुम्ही मुख्यालय सोडून जाणार आहात आणि दुसऱ्या संस्थेकडून मानधन घेणार आहात. या दोन्ही गोष्टींची परवानगी त्याच अर्जात, वेगळ्या वाक्यात मागा. सुट्टीतच विद्यापीठाच्या परीक्षा आणि उत्तरपत्रिका तपासणीचे काम येते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षेच्या कामात सहकार्य करणे शिक्षकांवर बंधनकारक आहे. तेव्हा परीक्षा विभागाला आत्ताच विचारा की तुमच्या विषयाचे तपासणी केंद्र कधी सुरू होणार, आणि आपला वाटा आधी किंवा १५ डिसेंबरनंतर करण्याची लेखी तयारी दाखवा. फेलोशिपला निघालेल्या शिक्षकाला शेवटच्या आठवड्यात कॉलेजकडून बोलावणे येते ते बहुतेक वेळा याच कारणाने.

काहीजण तुम्हाला अध्ययन रजा मागायला सांगतील. तीन वर्षांची सलग सेवा झालेली असल्याने तुम्ही त्यासाठी पात्र दिसाल. पण ती रजा एखादे ठरावीक संशोधन दीर्घकाळ करण्यासाठी आहे, कारकिर्दीत दोनदाच मिळते आणि परत आल्यावर किमान तीन वर्षे त्याच संस्थेत सेवा देण्याचे बंधपत्र द्यावे लागते. सहा आठवड्यांसाठी त्यातली एक संधी खर्च करू नका, पुढे मोठ्या कामासाठी ती उपयोगी पडेल. सबॅटिकल तर सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षे झालेल्यांसाठी आहे, त्याचा विचारच सोडा.

मानधनाची बाब लपवू नका. नियम असा आहे की ड्युटी लीव्ह पूर्ण पगारी देता येते, पण फेलोशिपचे पैसे नेहमीच्या खर्चापेक्षा जास्त असतील तर पगार आणि भत्ते कमी करून रजा देता येते. महिना ३०,००० प्रमाणे सहा आठवड्यांचे साधारण ४२,००० होतात. राहणे आणि प्रवास संस्थेचा असल्याने यातून जेवण, शहरातला प्रवास, झेरॉक्स आणि पुस्तके एवढाच खर्च राहतो. अर्जासोबत एक साधा हिशेबाचा कागद जोडा: संस्था काय देणार, तुमचा अंदाजे खर्च किती, शिल्लक किती. कॉलेजकडून प्रवासभत्ता किंवा दैनिक भत्ता घेणार नाही, हेही लिहा. एकाच प्रवासाचे पैसे दोन ठिकाणांहून घेतल्याचा संशय यामुळे उरत नाही. शिल्लक रकमेबाबत काय करायचे ते तुमच्या कॉलेजने ठरवावे. ठरवताना आकडा त्यांच्यासमोर असेल तर निर्णय लवकर होतो. आकडा नंतर दुसरीकडून कळला तर मात्र विश्वासच जातो, आणि या सगळ्यात प्राचार्यांचा विश्वास ही तुमची सर्वांत मोठी गरज आहे.

त्याच कारणाने, परवानगीशिवाय अर्ज पाठवल्याचेही स्वतःहून सांगा. योग्य मार्गाने अर्ज न पाठवणे ही चूक आहे, पण ती दुरुस्त होण्यासारखी आहे. अर्ज कोणत्या तारखेला पाठवला, निवडपत्र कोणत्या तारखेला आले, आणि अजून स्वीकृती कळवलेली नाही, ही तीन वाक्ये पुरेत. स्वीकृती खरोखरच कळवू नका. हैदराबादला फक्त एवढे लिहा की महाविद्यालयाची परवानगी प्रक्रियेत आहे आणि अमुक तारखेपर्यंत कळवते. तसेच निवडपत्र प्राचार्यांच्या नावे मिळेल का, हे विचारा. 'आपल्या महाविद्यालयातील शिक्षिकेला या कालावधीत पाठवावे' अशी प्राचार्यांना उद्देशून आलेली विनंती ही पाठवणुकीच्या अटीला सगळ्यात भक्कम आधार देते. बहुतेक संस्थांकडे अशा पत्राचा नमुना तयार असतो.

आता वर्ग. तीन शिक्षकांच्या विभागात सगळा खरा प्रश्न इथेच आहे, म्हणून याला जास्त वेळ द्या. सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तासांचा असतो. १६ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर म्हणजे चार आठवडे आणि एक दिवस. सोमवारचा तो एक दिवस सोडला तर ६४ तास होतात. सुट्टीनंतर नवे सत्र सुरू होत असल्याने हे तास आधी घेऊन ठेवता येत नाहीत. 'सहकारी सांभाळून घेतील' असे लिहिले तर प्राचार्य सहकाऱ्यांना बोलावून विचारणार, आणि तेव्हा कुणाचाच स्पष्ट होकार नसतो.

त्याऐवजी दोघा सहकाऱ्यांसोबत वेळापत्रक समोर घेऊन बसा. उदाहरणार्थ एकाने २४ तास घ्यावेत, दुसऱ्याने २०, आणि उरलेले २० तुम्ही परत आल्यावर आठवड्याला दोन जादा याप्रमाणे दहा आठवड्यांत पूर्ण करावेत. सहकाऱ्यांचे ४४ तास तुम्ही पुढे त्यांच्यासाठी घ्याल, हेही तिथेच ठरवा. नाहीतर उपकाराचा हिशेब मनात राहतो आणि पुढच्या वेळी त्यांना जायचे असेल तेव्हा तो निघतो. तास वाटताना पेपरकडेही बघा. ज्या पेपरमध्ये पहिले घटक सहकाऱ्याला सहज शिकवता येतील ते त्याला द्या. जो भाग तुमच्याच विशेष विषयाचा आहे, तो परत आल्यावरच्या २० तासांत ठेवा. एका पानावर चार स्तंभ आखा: वर्ग व पेपर, तारीख व तास, कोण घेणार, त्याची सही. या सह्या अर्जाचे वजन वाढवतात.

दोन गोष्टी यात आणू नका. एक, तासिका तत्त्वावर शिक्षक नेमावा अशी मागणी. चार आठवड्यांसाठी त्याची मंजुरी आणि पैसे येत नाहीत, आणि तुमचा अर्ज एका न होणाऱ्या गोष्टीवर अडकून पडतो. दोन, हैदराबादहून रोज ऑनलाइन तास घेण्याचे आश्वासन. तुम्ही दुसऱ्या संस्थेच्या कामावर असाल. तास चुकले की आश्वासन मोडले असे होईल, आणि घेतले तर रजा कशाला होती असा प्रश्न निघेल. अध्यापनाबाहेरची जबाबदारीही लिहायला विसरू नका. राष्ट्रीय सेवा योजना, नॅकची एखादी फाइल, अंतर्गत मूल्यमापनाच्या नोंदी यांपैकी तुमच्याकडे जे असेल त्याचा भार कोणाकडे, हे एका ओळीत सांगा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माहिती मागवली गेली आणि किल्ली तुमच्याकडे राहिली, असे होऊ नये.

अर्ज एका पानाचा असावा. शब्द आपले घ्या, पण क्रम साधारण असा ठेवा:

> प्रति, मा. प्राचार्य
> (विभागप्रमुखांमार्फत)
>
> विषय: अभ्यागत फेलोशिपसाठी पाठवणे, ड्युटी लीव्ह व अर्जित रजा मंजुरी आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी
>
> महोदय,
> हैदराबाद येथील संशोधन संस्थेने मला सहा आठवड्यांसाठी अभ्यागत फेलो म्हणून निमंत्रित केले आहे. (निवडपत्र सोबत, दिनांक ……) फेलोशिपसाठीचा अर्ज मी दि. …… रोजी थेट पाठवला होता, त्याआधी आपली परवानगी घ्यायला हवी होती, ती घेतली नाही याबद्दल दिलगीर आहे. मी अद्याप स्वीकृती कळवलेली नाही.
>
> कालावधी २ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर आहे. त्यापैकी २ ते १५ नोव्हेंबर दिवाळी सुट्टी आहे. कृपया
> महाविद्यालयाच्या वतीने मला या कामासाठी पाठवून १६ नोव्हेंबर ते १० डिसेंबर (२५ दिवस) ड्युटी लीव्ह व ११ ते १४ डिसेंबर (४ दिवस) अर्जित रजा मंजूर करावी, तसेच सुट्टीच्या काळात मुख्यालय सोडण्यास व फेलोशिपचे मानधन स्वीकारण्यास परवानगी द्यावी.
>
> मी १५ डिसेंबर रोजी रुजू होईन. मानधन व खर्चाचा तपशील, ६४ तासांची सह्यांसह पर्यायी व्यवस्था आणि परीक्षाकामाचे नियोजन सोबत जोडले आहे.

यात संशोधनाचा विषय दोन ओळींत घाला, पण तो कॉलेजच्या कामी कसा येईल हे सांगा. 'या संग्रहातील कागदपत्रांवरून तृतीय वर्षाच्या पेपरसाठी स्रोत-संच तयार करीन' असे ठोस काहीतरी हवे. 'ज्ञानवृद्धी होईल' हे वाक्य हजार अर्जांत असते, ते वगळा.

विभागप्रमुखांची शिफारस आधी घ्या आणि मग अर्ज कार्यालयात आवक करा. आवक क्रमांक आणि तारीख तुमच्या प्रतीवर घ्या. प्राचार्यांची भेट त्यानंतर घ्या. मूळ कागद हातोहात देऊन 'बघतो' एवढ्यावर परतलात तर पुढे अर्ज नेमका कधी दिला हे सिद्ध होत नाही. अनुदानित कॉलेजात इतक्या दिवसांच्या रजेवर प्राचार्य बहुधा शिफारस करून कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे पाठवतात, आणि संस्थेची बैठक रोज होत नाही. म्हणून अर्ज निदान आठ आठवडे आधी, म्हणजे सप्टेंबर उजाडण्यापूर्वी, कार्यालयात असावा. मंजुरीचा लेखी आदेश हाती येईपर्यंत रद्द न होणारे तिकीट काढू नका. तोंडी होकारावर निघालेल्या शिक्षकाची गैरहजेरी पुढे अनधिकृत ठरू शकते, आणि सेवेत खंड पडल्याची नोंद काढून घेणे हे सहा आठवड्यांच्या फेलोशिपपेक्षा खूप मोठे काम आहे.

ड्युटी लीव्ह हा हक्क नाही, ती दिली जाऊ शकते एवढेच नियम म्हणतो. त्यामुळे अडले तर भांडून उपयोग नाही. नेमके कुठे अडते ते विचारा. तासांवर अडत असेल तर सहा आठवड्यांऐवजी चार आठवडे करता येतील का, हे हैदराबादला विचारा. २ ते २९ नोव्हेंबर असे २८ दिवस घेतले तर सुट्टीनंतरचे फक्त १४ दिवस आणि परतीचा एक, एवढीच ड्युटी लीव्ह लागते आणि अर्जित रजेला हातच लागत नाही. फेलोशिप पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत ढकलता येत असेल तर शिकवण्याचा प्रश्न जवळजवळ संपतो. ड्युटी लीव्हच नाकारली, पण जायला हरकत नाही असे म्हटले, तर २९ दिवस अर्जित रजा मागा. तुमच्या खात्यावर ३१ आहेत. असाधारण रजेवर मात्र शेवटीच या. ती बिनपगारी असते, फेलोशिपचे निमंत्रण स्वीकारण्यासाठी दिलेली असाधारण रजा वेतनवाढीसाठी धरली जाते, पण आदेशात कारण स्पष्ट लिहिलेले असेल तरच हे पुढे दाखवता येते. प्राचार्यांना वळसा घालून संस्थाचालकांकडे जाऊ नका. मंजुरी मिळाली तरी पुढची दहा वर्षे तुम्हाला त्याच प्राचार्यांच्या टेबलावर कागद ठेवायचे आहेत.

परत येताना हैदराबादहून उपस्थितीचे प्रमाणपत्र घ्या आणि त्यावर 'सहा आठवडे' असे मोघम नको, '२ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर' अशा तारखा हव्यात. १५ डिसेंबरला सकाळी पहिल्या तासाआधी रुजू अहवाल द्या. आठवड्याभरात दोन पानांचा कामाचा अहवाल आणि प्रमाणपत्राची प्रत कार्यालयात द्या. मग जानेवारीत एकदा सेवापुस्तक स्वतः उघडून बघा. ड्युटी लीव्ह २५ दिवस आणि अर्जित रजा ४ दिवस, अर्जित शिल्लक २७ अधिक दरम्यान जमा झालेली रजा, अशी नोंद आदेशाच्या क्रमांकासह दिसली पाहिजे. २९ दिवस सरसकट अर्जित म्हणून टाकलेले असतील तर आदेशाची प्रत जोडून त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या.